'बघू' म्हणजे नक्की काय, ते विचार

*ताई, माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप संपायला पाच आठवडे उरलेत. ग्राहकांना परत केलेले पैसे आणि बँकेच्या नोंदी जुळवायचं काम टीममध्ये हाताने चालायचं, त्यासाठी मी एक शीट बनवली. मॅनेजर म्हणतात, "छान चाललंय, पुढचं बघू." पूर्णवेळ नोकरीचं थेट विचारलं तर हावरट वाटेल का? की उरलेल्या दिवसांत एखादं मोठं काम करून दाखवू? मैत्रीण म्हणते, सगळं लिहून देऊ नकोस, नाहीतर तुझी गरजच उरणार नाही.*

विचार, आणि याच आठवड्यात विचार. तुला ठेवायचं हे मॅनेजरने मनात पक्कं केलं, तरी जागा मंजूर करणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात. त्यांच्या वरचे साहेब, एचआर, बजेट सांभाळणारे. ती फाइल फिरायला आठवडे जातात, म्हणून निरोपाच्या दिवशी काढलेला विषय कितीही प्रेमाने ऐकला गेला तरी उशिराचाच.

शब्द साधे ठेव: "मला इथे पूर्णवेळ काम करायला आवडेल. टीममध्ये जागा मंजूर आहे का? नसेल तर ती कोण मंजूर करतं, आणि त्यांच्यापुढे काय आणि कधीपर्यंत ठेवावं लागेल?" यात हावरटपणा कुठेच नाही. उत्तरात एखादी तारीख किंवा माणूस आला, तर 'बघू'मध्ये दम आहे. पुन्हा नुसतंच "बघू" आलं, तर आठवड्याभराने एकदा आठवण कर आणि बाहेर अर्ज करायला लाग.

आता खरी गोम. मी एकदा टेबलाच्या पलीकडे होते. एका इंटर्न मुलीला ठेवायचं होतं म्हणून वरिष्ठांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढचे सहा महिने ती काय करणार?" माझ्याकडे उत्तर होतं, "हुशार आहे, मेहनती आहे." जागा मिळाली नाही. चूक तिची नव्हती, माझ्या हातात कागद नव्हता.

तो कागद तुझ्या मॅनेजरला तू दे. एकच पान, आणि ते त्यांना जसंच्या तसं पुढे पाठवता यावं असं. सुरुवात झालेल्या कामाने कर, पण आकडा मोजलेला हवा. समज, आधी दोन माणसं दर सोमवारी तीन-तीन तास बसायची, म्हणजे सहा तास. आता एकाला चाळीस मिनिटं लागतात. आठवड्याला पाच तास वीस मिनिटं वाचली. जुने तीन तास कुणी सांगितले आणि चाळीस मिनिटं किती सोमवार मोजली, तेही लिही. पहिल्या दोन आठवड्यांत काही नोंदी चुकीच्या जुळल्या असतील तर तेही दडवू नकोस. ज्यांना त्या निस्तराव्या लागल्या, त्यांना कुणीतरी विचारणारच आहे.

पण इथेच थांबलीस तर फसशील. वाचणारा मनात म्हणेल, शीट तर झाली, आता माणूस कशाला? आणि आठवड्याच्या पाच तासांतून कुणाचा पगार निघत नाही. म्हणून पानाचा मोठा भाग पुढच्या कामाला दे. शीटमध्ये न बसणारे व्यवहार, जसं की अर्धवट परत केलेले पैसे, अजून कोण हाताने बघतं? बँकेने फाइलचा साचा बदलला तर कोण दुरुस्त करणार? महिनाअखेरीला कुठलं काम हमखास रखडतं? अशी दोन-तीन कामं निवड, प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज लिही, आणि ती रखडल्याने ज्यांना त्रास होतो त्यांच्याशी आधी बोल. त्यांच्यातला एखादा "हो, हे व्हायला हवं" असं मॅनेजरला स्वतःहून म्हणाला, तर ते तुझ्या दहा वाक्यांपेक्षा जड ठरतं.

नवं मोठं काम मात्र घेऊ नकोस. पाच आठवड्यांत ते अर्धं राहील आणि जाताना तेच लोकांच्या नजरेत भरेल. त्यापेक्षा शीटमधले बारीक दोष काढ.

मैत्रिणीचं ऐकू नकोस. तू गेल्यावर शीट बंद पडली की लोक जुन्या पद्धतीवर परत जातात आणि वर नाव ठेवतात. सगळं नीट लिहून दे. तुझ्या टिपणावरून सहकाऱ्याने तुझ्या मदतीशिवाय एक सोमवार पार पाडावा. तो कुठे अडला ते बघ. नियम लिहून भागतं तिथे तुझी गरज नाही. जिथे दरवेळी कुणीतरी विचार करून ठरवावं लागतं, ती जागा मात्र पानावरच्या पुढच्या कामांत घाल.

"जागाच नाही" असं उत्तर आलं तरी तिथेच उठू नकोस. दुसऱ्या टीममध्ये आहे का, दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ पगारासह मिळेल का, पुढचं बजेट कधी ठरतं, हे विचार. मुदतवाढ मिळालीच तर शेवटची तारीख आणि निर्णयाची तारीख दोन्ही ईमेलवर घे. आणि हातात नसलेली दुसरी ऑफर आहे असं सांगू नकोस. "मग घे की ती" म्हणाले, तर काय करशील?