तिन्हींतली मधली खंडा नाही, फिरंग आहे

प्रश्न: एका संग्रहालयात हा फोटो काढला. तीन तलवारी, एक ढाल आणि एक लोखंडी अंगरखा आहे. पात्याचा आकार आणि मूठ बघून यांची नावं कशी ओळखायची? मधलीखाली ‘खंडा’ लिहिलंय, ते बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. डावीकडची वाकडी, मुठीच्या शेवटी ताटलीसारखी चकती असलेली, ती साधी तलवार. उजवीकडची, जिच्या मुठीत कोपरापर्यंत हात जातो, तो पट्टा. त्या दोन्हींबद्दल वाद होण्यासारखं काही नाही. मधलीबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार, कारण अशाच एका तलवारीवरून आमच्या घरात तीन दसरे धड बोलणं झालं नव्हतं.

आमचं मूळ घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, घाटाच्या अलीकडं. देवघराच्या भिंतीला एक सरळ पात्याची तलवार टांगलेली असायची. खंडेनवमीला ती खाली काढायची, आप्पा (माझे थोरले चुलते) चिंच आणि राख लावून लख्ख घासायचे, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. सगळे तिला खंडा म्हणायचे. खंडेनवमीला पुजतात तो खंडा, मूठ पिंजऱ्यासारखी म्हणून खंडा, पातं सरळ म्हणून खंडा. मीही कॉलेजला जाईपर्यंत तेच म्हणत होतो.

मग कोल्हापूर, पुणे, मुंबई इथली संग्रहालयं बघत हिंडलो तेव्हा लक्षात आलं की ओळखीची सुरुवातच आम्ही उलट करत होतो. आपण आधी मूठ बघतो, कारण ती नजरेत भरते. पण मूठ पात्याला लाखेनं बसवलेली असते. पात्याचं शेपूट आखूड असतं, ते मुठीच्या पोकळीत घालून गरम लाख ओततात. परत तापवलं की मूठ निघते. त्यामुळं आजोबांचं पातं आणि नातवानं बसवलेली नवी मूठ, किंवा मोडक्या तलवारीची मूठ दुसऱ्याच पात्याला, हे सर्रास व्हायचं. म्हणून फोटोतली मूठ आधी अंगठ्यानं झाका आणि नुसतं पातं बघा.

तुमच्या मधल्या तलवारीचं तसं करून बघा. मुठीजवळची रुंदी आणि टोकाच्या चार बोटं अलीकडची रुंदी, दोन्ही कागदाच्या पट्टीवर खुणा करून ताडा. खऱ्या खंड्याचं पातं टोकाकडं रुंद होत जातं, निदान अरुंद तरी होत नाही, आणि टोक बोथट, गोलसर असतं. तो तोडायचं हत्यार आहे, भोसकायचं नाही. शिवाय त्याच्या धारेच्या आणि पाठीच्या कडेनं मुठीपासून वर लोखंडी पट्ट्या चढवलेल्या असतात, बऱ्याचदा नक्षीच्या किंवा कातरलेल्या कडांच्या. पातळ रुंद पात्याला ताठपणा यावा म्हणून त्या असतात. तुमच्या फोटोतलं पातं टोकाकडं हळूहळू निमुळतं होत अणकुचीदार झालंय, कडेला पट्टी नाही, आणि मुठीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात तीन बारीक पन्हळी दिसतात. असं पातं खंड्याचं नसतं. ही ठेवण युरोपातून आलेल्या पात्यांची, आणि असं पातं आपल्या मुठीत बसवलं की मराठीत त्याला फिरंग म्हणतात.

आता अंगठा काढा आणि पातं मुठीत शिरतं ती जागा मोठी करून बघा. तुमच्या फोटोत मुठीतून दोन लांब जिभा पात्यावर उतरल्यात, एक अलीकडून, एक पलीकडून, आणि त्यांच्यातून आरपार खिळे ठोकलेत. फिरंगीत हे फार वेळा सापडतं, कारण परदेशी पात्याचं शेपूट वेगळ्या मुठीसाठी घडवलेलं असायचं. ते कापून पातं या जिभांच्या चिमट्यात धरून खिळवायचे. खंड्यालाही जिभा असतात, म्हणून नुसत्या जिभांवर जाऊ नका. जिभा आणि निमुळतं पातं ही जोडी एकत्र बघा.

मूठ मात्र दोन्हींची तीच. बोटांपुढं रुंद वाकवलेली पट्टी, आत गादी, आणि शेवटी बाहेर आलेला लोखंडी दांडा. तो दांडा दुसऱ्या हातानं धरून दोन्ही हातांनी वार करता यावा म्हणून. मुठीवरून खंडा म्हणायची चूक इथंच होते.

आमच्या घरची हकिकत सांगतो. एका खंडेनवमीला मी शिंप्याची टेप घेऊन बसलो. पातं 92 सेंटिमीटर, मुठीजवळ रुंदी साडेतीन, टोकाजवळ सव्वादोन. तीन पन्हळी, वीतभर लांबीच्या. आणि पन्हळींच्या शेवटी, चिंचेनं घासून घासून पुसट झालेल्या, समोरासमोर तोंड केलेल्या दोन दातेरी चंद्रकोरी. या कोरी म्हणजे इटलीतल्या जेनोआच्या पात्यांवरची म्हणून ओळखली जाणारी खूण. मी आनंदानं ओरडलोच, “आप्पा, ही फिरंग हाय!”

आप्पांचा चेहरा पडला. म्हणाले, “आमच्या देवाला परक्याची म्हणालास काय रं? गोव्याच्या पाद्र्यांची तलवार पुजालोय काय आम्ही?” त्यांना फिरंग म्हणजे फिरंग्याकडून आलेली, म्हणजे लुटीची नाहीतर बक्षिसाची, म्हणजे आमच्या पूर्वजांची नव्हेच, असं वाटलं. आमच्या भागात कोण कुणाचा हा प्रश्न आधीच उठता-बसता विचारला जातो. सरकारी कागद कन्नडमध्ये, घरातली भाषा मराठी. घरातल्या तलवारीनंही परकं व्हावं हे त्यांना सोसलं नाही. मला ते तेव्हा कळलं नाही. मी पन्हळी मोजून दाखवत राहिलो.

पण मुद्द्यात ते चुकत होते आणि हे मी आजही ठणकावून सांगतो. फिरंग हा आपलाच शब्द आहे, आणि आपल्याच माणसांनी अभिमानानं वापरलेला. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं परत आणली, तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं आहेत आणि त्यात ‘सेनासाहेबसुभा’ या पदवीनंतर ‘फिरंग’ असं स्पष्ट लिहिलंय. पातं युरोपी, एकधारी. मूठ आपली, सोनेरी नक्षीची. सेनासाहेबसुभ्याला ज्या शब्दाची लाज वाटली नाही, त्या शब्दानं आमच्या घराण्याची नाचक्की कशी होईल? पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. घाट उतरला की गोवा, तिथून व्यापारात पाती वर येणं यात लुटीचा किंवा लाचारीचा संबंधच नाही. चांगलं, लवचिक पातं बाजारात मिळत होतं, आपल्या लोकांनी ते पारखून घेतलं आणि आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवली.

आता जे मी आप्पांना तेव्हा सांगितलं नाही ते इथं सांगायला हवं. चंद्रकोरी दिसल्या म्हणजे पातं जेनोआचंच असं होत नाही. त्या खुणेला बाजारात भाव होता, म्हणून इतर देशांतल्या आणि आपल्याकडच्या कारागिरांनीही ती ठोकली. आपल्या पोलादावर कधी कधी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती दिसली तर पातं युरोपी नाही, हे पक्कं. पण ती दिसली नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण दरवर्षीच्या घासण्यानं ती पुसली जाते. म्हणजे आमच्या तलवारीची ठेवण फिरंगीची आहे हे मी छातीठोक सांगू शकतो, ती कुठल्या भट्टीतून निघाली ते नाही. तुमच्या फोटोलाही हेच लागू. आणि पातं लांब, सरळ, अरुंद आहे पण पन्हळींची ती ठेवण नाही, खुणा नाहीत, तेव्हा ती धोप असू शकते. धोप आणि फिरंग यांत काचेमागच्या फोटोवरून फरक सांगता येईलच असं नाही.

फोटो तिरका काढला की सरळ पातं वाकडं आणि वाकडं सरळ दिसतं, हेही ध्यानात ठेवा. पुन्हा गेलात तर पात्याच्या मध्यासमोर उभे राहून एक फोटो घ्या, आणि एक फक्त जोडाचा. खुणा समोरून दिसत नाहीत, बाजूनं उजेड पडला की उठतात.

ढालीवरची चार फुलं शोभेसाठी आहेत असं समजू नका. त्यांच्या आतून जाणारे खिळे मागच्या कड्या धरतात आणि त्या कड्यांत मुठीचे पट्टे असतात. तुमची ढाल चामड्याची वाटते, कड जाड आणि मागं वळलेली आहे.

लोखंडी अंगरखा म्हणजे चिलखत. त्याच्या कड्या मोठ्या करून बघा. कड्यांवर बारीक ठिपका, म्हणजे खिळा, दिसला तर ते लढाईचं. नुसती टोकं टोकाला टेकवलेली असली तर बहुधा 19व्या शतकातलं मिरवणुकीचं किंवा भिंतीवर लावायचं, ते वाराखाली उघडतं. साखळीच्या कड्यांना जिरह म्हणतात, आणि जिरेटोप हा शब्द त्यातूनच आलाय. म्हणजे मुळात तो साखळीची झालर असलेला लढाईचा टोप.

पाटीबद्दल एवढंच. ‘खंडा’ लिहिणाऱ्यानं मूठ बघून नाव दिलंय. मीही एकदा एका संग्रहालयात हेच लेखी दिलं होतं. तिथल्या माणसानं कागद घेतला, ठेवला, पाटी तशीच राहिली. तुम्ही देणार असाल तर वाद न घालता जोडाचा फोटो आणि दोन ठिकाणच्या रुंदीचं माप जोडून द्या, नाहीतर आप्पांसारखंच होतं, माप बाजूला राहतं आणि मान आडवा येतो.

आप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली. तलवार आता चुलत भावाकडं आहे. मी त्याला एवढंच सांगितलं, नाव काहीही घे, चिंच-राख लावू नकोस. आंबटानं लोखंडाचा वरचा थर जातो आणि खुणा कायमच्या जातात. मऊ कापडावर थोडं तेल घेऊन पुसायचं, बस्स. मूठ हलत असली तर घरी तापवायची नाही, लाख वितळून पातं सुटतं आणि गादी जळते. गेल्या खंडेनवमीला त्यानं तेलानंच पुसली. उजवीकडची चंद्रकोर अजून दिसते, डावीकडची आता बोटाला तेवढी लागते.