‘जेवलीस का’च्या पुढचा मेसेज

मी लातूरला, बायको नांदेडला शिक्षिका. मेसेजमध्ये आता फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘बिल भरलं का’ उरलंय. काय करावं?

काल तिनं जे सांगितलं, त्याचा धागा आज पकडा. समजा ती म्हणाली होती, ‘उद्या शाळेत तपासणी आहे.’ मग दुपारी विचारा, ‘साहेबांनी वह्या बघितल्या का नुसता चहा पिऊन गेले?’ ज्याचं उत्तर ‘हो’वर भागतं, तो प्रश्न हजेरीसारखा वाटतो. ती वैतागलेली असेल तर मात्र गंमत नको. ‘फार बोलले का?’ एवढंच.

बिल, गॅस, फी रात्रीच्या एकाच फोनवर उरका. नाहीतर तुमचं नाव दिसलं की तिला कामच आठवणार. सकाळचे फुलांचे फॉरवर्ड तर बंदच करा. काही सुचलं नाही, तर गंजगोलाईतून एक फोटो: ‘तुझी बोरं आलीत, आणू का शनिवारी?’