ताजं अंडं नीट का सोललं जात नाही?

प्रश्न: अगदी ताजी अंडी उकडली की सोलताना टरफलाबरोबर पांढरा भागही निघून येतो, अंड्याला खड्डे पडतात. जुनी अंडी मात्र सहज सोलली जातात. असं का होतं? आणि ताजीच अंडी असतील तर काय करायचं?

टरफलाच्या आतून दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरचा टरफलाला धरून असतो, आतला पांढऱ्या भागाला लागून. ताज्या अंड्यात उकडताना पांढरा भाग या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. मग टरफल ओढलं की पापुद्रा येतो आणि पापुद्र्यामागे पांढऱ्याचा लचका.

चिकटण्याचं कारण आहे कार्बन डायऑक्साइड. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात हा वायू विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या थोडा खालीच असतो. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून हा वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू ९ च्या वर चढतो. सामू जितका वर, तितकी पांढऱ्या भागाची पापुद्र्यावरची पकड सैल. त्याच काळात थोडं पाणीही उडून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. सोलायला सुरुवात करताना ही पोकळी फार कामाला येते, पण खरा फरक पडतो तो सामूमुळेच. म्हणून उकडण्यासाठी अंडी आठवडा-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली असतील तर उत्तम. बाहेर ठेवलेल्या अंड्यांत हाच बदल लवकर होतो. टरफलावर तेलाचा हात दिलेला असेल तर छिद्रं बुजतात, वायू आत अडकतो आणि अंडं बरेच दिवस ताज्यासारखंच चिकट राहतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अंडी आजची आहेत आणि आजच उकडायची आहेत, तर माझ्या मते सगळ्यात जास्त फरक एकाच गोष्टीने पडतो: अंडी गार पाण्यात घालून गॅसवर ठेवू नका, थेट कडक उष्णतेत टाका. पाणी हळूहळू तापतं तेव्हा पांढऱ्या भागाचा बाहेरचा थर सावकाश शिजतो आणि शिजता शिजता पापुद्र्याला धरून बसतो. एकदम चटका बसला की तो थर झटकन घट्ट होतो आणि त्याला चिकटायला सवड मिळत नाही.

मला यासाठी वाफ जास्त आवडते. पातेल्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी घ्या, ते खळखळून उकळलं की चाळणीत अंडी ठेवा आणि घट्ट झाकण लावा. पाण्यात उसळून अंडी एकमेकांवर आपटत नाहीत, त्यामुळे तडेही कमी जातात. पूर्ण घट्ट बलकासाठी १२-१३ मिनिटं पुरतात. वाफवायचं नसेल तर उकळत्या पाण्यात मोठ्या चमच्याने एकेक अंडं अलगद सोडा, आच थोडी कमी करा आणि ११-१२ मिनिटं ठेवा. फ्रिजमधली अंडी थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवली तर तडकण्याचा धोका कमी होतो.

वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात, निदान दहा मिनिटं. गार झालेला पांढरा भाग घट्ट होतो, त्यामुळे सोलताना सहजी फाटत नाही. शिवाय शिजणं तिथेच थांबतं, म्हणजे बलकाभोवती हिरवट कडा येत नाही.

सोलताना आधी बोथट टोक ओट्यावर टेकवून फोडा. तिथे पोकळी असल्यामुळे खाली पांढऱ्याचा दाब नसतो. मग अंडं हलक्या हाताने गोल फिरवत टरफलाला सगळीकडून बारीक तडे द्या. आता बोथट टोकाकडचा तुकडा काढून नीट बघा: अंड्यावर पांढुरकी, ओलसर, जरा चिवट साय दिसते का? तोच पापुद्रा. नखाने तो उचलून अंगठा त्याच्या खाली घाला, वर नाही. अंगठा खाली गेला की टरफल आणि पापुद्रा एकत्र, पट्ट्यापट्ट्यांनी सुटतात. हे पाण्याच्या भांड्यात बुडवून केलं तर पाणी मधल्या फटीत शिरतं आणि काम आणखी सोपं होतं. पांढरा लचका निघू लागला तर तिथे ओढत राहू नका. दुसऱ्या बाजूने पापुद्र्याची कड शोधा.

उकळत्या पाण्यात खायचा सोडा घालायचा उपाय बरेच जण सांगतात. कल्पना बरोबर आहे, सोडा अल्कधर्मी असतो. पण त्या दहा-बारा मिनिटांत टरफलातून आत जाऊन तो किती बदल करणार? मला त्याचा भरवसा वाटत नाही. अगदी त्याच दिवशीचं अंडं असेल, तर वरचं सगळं करूनही एखाद-दुसरं चिकटेलच. अंडी अख्खी, गुळगुळीत मांडायची असतील तेव्हा दोन-चार जास्तीची उकडा.