युक्ती शिकवली आणि उत्तरं जास्तच चुकायला लागली

‘मॅडम, मुलगी चौथीत आहे. कागदावर बेरीज बरोबर करते, पण तोंडी विचारलं की गडबडते. शाळेत जवळचा दशक धरायची युक्ती शिकवली, तेव्हापासून जास्तच चुकते. गणितात कच्ची आहे का?’ (अमळनेरहून एक आई)

आईने वहीच आणली होती. ४६ + ३८ चं उत्तर ८८. ५७ + २९ चंही ८८. ६५ + ४७ चं ११८. बरोबर उत्तरं आहेत ८४, ८६ आणि ११२. म्हणजे फरक पडला ४, २ आणि ६ चा. कच्चं मूल असं शिस्तीत चुकत नाही. ३८ चे ४० करताना २ वाढतात, २९ चे ३० करताना १, ४७ चे ५० करताना ३. प्रत्येक ठिकाणी चूक वाढीव आकड्याच्या बरोबर दुप्पट होती. वाढवलेले परत वजा करायच्या जागी ती पुन्हा मिळवत होती. नुसतं वजा करायचं राहिलं असतं, तर पहिलं उत्तर ८६ आलं असतं.

असं का, ते वहीतच पुढच्या पानावर सापडलं. त्याच आठवड्यात वजाबाकी झाली होती: ८३ − ३८ साठी आधी ४० वजा, मग २ मिळवा, उत्तर ४५. तिथे मिळवणंच बरोबर, कारण आपण जास्त काढून घेतलेलं असतं. पोरीने दोन्हीकडे एकच नियम लावला.

नियम पुन्हा घोकून घेतला नाही. वडिलांचं किराणा दुकान आहे, म्हणून टेबलावर गल्ला मांडला, त्यात ४६ रुपये. मी ३८ चा माल घेतला आणि दहाच्या चार नोटा टाकल्या. “आता गल्ल्यात किती?” “८६.” मी हात पुढे केला. ती क्षणभर थांबली, मग “दोन जास्त दिधात!” म्हणत दोन रुपये माझ्या हातावर ठेवले. राहिले ८४. मग मालाची किंमत बदलत गेले. प्रत्येक वेळी आकडेमोडीआधी एकच प्रश्न: जास्त दिले की कमी?

घरी पडताळा सोपा आहे. बेरजेत एक संख्या वर नेली असेल, तर खरं उत्तर त्या कच्च्या बेरजेपेक्षा कमीच यायला हवं. ४६ + ३८ मध्ये कच्ची बेरीज ८६, म्हणून उत्तर ८६ किंवा त्याच्या वर गेलं की चुकलंच.

आणि ही युक्ती सगळीकडे लावू नका. एककात ७, ८, ९ असेल तिथे ती कामाची. ४६ + ३२ मध्ये ४० धरून ८ परत करण्यात काय हशील? सरळ ३० मिळवा, मग २. दोन्ही संख्या वर न्यायच्या असतील, जसं ४८ + ३९, तर ५० आणि ४० चे ९० होतात आणि परत द्यायचे २ आणि १ मिळून ३, उत्तर ८७. तिथे मुलगी अजून एकच वाढ वजा करते. हा प्रकार महिनाभर बाजूलाच ठेवा, आईंना मी एवढंच सांगितलं.