वयाने मोठे सहकारी सगळ्यांसमोर 'तू' म्हणतात तेव्हा

"ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते वीस वर्षांनी मोठे सहकारी आता माझ्या टीममध्ये आहेत. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला 'अगं', 'तू' करतात. 'तुम्ही म्हणा' असं सांगितलं तर शेफारली म्हणतील, गप्प बसले तर बाकीचे मला हलक्यात घेतील. काय करू?"

हा प्रश्न घेऊन आलेल्या बाई तिशीतल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पद मिळून काही महिनेच झाले होते. त्या सरांना पहिल्यापासून 'तुम्ही' म्हणत, सर त्यांना 'तू'. तेव्हा यात कुणालाच काही खटकत नव्हतं, कारण वय, अनुभव आणि हुद्दा तिन्ही सरांच्या बाजूला होते. आता हुद्दा इकडे आला, बाकी दोन गोष्टी तिकडेच राहिल्या. एकेरी-अनेकवचनाचे बहुतेक पेच असेच होतात. एक मोजपट्टी 'तू' सांगते, दुसरी 'तुम्ही', आणि बोलणारा सवयीच्या बाजूने जातो. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांमधल्या अशा सर्वनामांवर लिहिताना दोन अक्ष मांडले होते: सत्ता आणि जवळीक. मराठी 'तू' या दोन्हींवर चालतो. आई मुलाला म्हणते तो 'तू', मैत्रीण मैत्रिणीला म्हणते तो 'तू' आणि मालक नोकराला म्हणतो तो 'तू' कानाला सारखेच लागतात. म्हणून नुसता शब्द ऐकून अपमान झाला की नाही, हे ठरवता येत नाही.

ते ठरवण्यासाठी बाईंना एक आठवडाभर वही ठेवायला सांगितलं. सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, समोर कोण होतं ते लिहायचं, आणि आपण उत्तर काय दिलं तेही लिहायचं. शिवाय एक गोष्ट मुद्दाम कान देऊन ऐकायची: आपण तिथे नाही असं समजून सर आपला उल्लेख कसा करतात? 'ती बघेल' की 'त्या बघतील'? तोंडावरचं बोलणं बरंचसं सवयीने होतं. माघारी मात्र ती सवय आड येत नाही, त्यामुळे मनातलं स्थान तिथे जास्त स्वच्छ दिसतं.

वहीत तीन गोष्टी सापडल्या. सर बाहेरच्या माणसांशी फोनवर बोलताना "मॅडमना विचारून सांगतो, त्या आत्ता मीटिंगमध्ये आहेत" असं म्हणत होते. म्हणजे पद त्यांनी मनात मान्य केलेलं होतं. दुसरं, बाईंना ज्या वाक्यांनी लागलं होतं, ती जवळजवळ सगळी "अगं थांब, तुला नाही माहीत ते" या धाटणीची होती. खुपत होतं ते मध्येच तोडणं. त्याला 'तू' जोडलेला होता म्हणून सगळा राग सर्वनामावर निघत होता. "थांबा, तुम्हाला नाही माहीत" असं म्हटलं असतं तरी ते तितकंच लागलं असतं.

तिसरी गोष्ट बाईंच्या स्वतःच्या रकान्यात होती आणि ती पाहून त्या बराच वेळ गप्प होत्या. बढतीनंतर त्यांनी सरांना संबोधणंच बंद केलं होतं. पूर्वीचं "सर, तुम्ही एकदा बघाल का?" जाऊन तिथे "फाईल झाली का?", "आज पाठवायचं होतं ना?", "उद्या येणार का?" अशी वाक्यं आली होती. मराठीत ही पळवाट सहज मिळते. 'झाली का', 'पाठवायचं आहे', 'येणार का' या रूपांत समोरचा 'तू' आहे की 'तुम्ही', हे कळतच नाही. 'पाठव' की 'पाठवा', 'केलंस' की 'केलंत', 'तुझं' की 'तुमचं' अशी वेळ आली की मात्र निवड करावीच लागते. संकोच असला की माणूस नकळत ही दुसरी वाक्यं टाळतो. बोलणाऱ्याला हे सुरक्षित वाटतं, पण कालपर्यंत 'तुम्ही' ऐकणाऱ्याला त्यात फक्त तुटकपणा ऐकू येतो. 'आपण हे आज संपवू या' ही दुसरी पळवाट. तिच्यात गोडवा आहे, पण काम नक्की कोणी करायचं ते संदिग्ध राहतं आणि संध्याकाळी कोणीच केलेलं नसतं.

म्हणून दुरुस्ती त्यांच्या बाजूने सुरू केली. पहिले दोन आठवडे सरांकडून काहीच मागायचं नाही. दिवसातून तीनेकदा पूर्ण संबोधन करायचं: "सर, तुम्ही केलेला हिशेब पाहिला", "सर, हे तुम्ही उद्यापर्यंत द्याल का?" 'द्या' ऐवजी 'द्याल का' म्हटल्याने काम सांगितलंही जातं आणि हुकूमही वाटत नाही.

मग विनंती. ती मीटिंगनंतर लगेच करायची नाही, कारण तेव्हा ती तक्रार होते. एकट्याने, कामाचं बोलणं झाल्यावर, आणि मागणी छोटी ठेवून करायची. बाईंनी ठरवलेली वाक्यं अशी होती: "सर, तुमच्या तोंडून 'तू'च बरं वाटतं, ते बदलू नका. फक्त मीटिंगमध्ये नवीन मुलं असतात, तेवढ्यापुरतं 'मॅडम' म्हणाल का? आणि माझा मुद्दा पटला नाही तर तो संपल्यावर सांगा, मी थांबून ऐकेन."

'तू' पूर्ण सोडायला सांगायचं नव्हतं, याला कारण आहे. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं जवळ येणं असतं. जर्मनमध्ये तर मोठ्या माणसाने 'du', म्हणजे 'तू', म्हणायचं रीतसर सुचवण्याची पद्धत आहे. उलट्या दिशेचा प्रवास कुठेच सोपा नाही. वर्षानुवर्षांचा 'तू' काढून 'तुम्ही' घातला की तो रुसवा किंवा दुरावा म्हणूनच ऐकू येतो. घरात चिडलेली आई "मोठे झालात तुम्ही आता" म्हणते, तसा.

पुढच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मॅडम, तू सांग ना." हे अर्धवट रूप ऐकून बाई खट्टू झाल्या होत्या, पण बदलाच्या काळात हेच होतं. हाक लवकर बदलते, कारण ती सुटी असते. क्रियापद मागाहून येतं, कारण ते वाक्यात मुरलेलं असतं. अशा वेळी तिथल्या तिथे टोकायचं नाही. आपलं उत्तर 'तुम्ही'त द्यायचं आणि पुढे जायचं. काही आठवड्यांनी "मॅडम, सांगता का?" येऊ लागलं. मध्ये तोडणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. त्यासाठी मीटिंगमध्ये बोलण्याचा क्रम ठरवावा लागला. चहाच्या वेळी अजूनही "अगं, ये" चालतं आणि बाईंना ते हवं आहे.

वहीत वेगळं निघालं असतं तर सल्लाही वेगळा असता. त्याच वयाच्या, त्याच हुद्द्यावरच्या पुरुषाला 'तुम्ही' आणि बाईला 'तू', किंवा एखाद्याची जात, काम किंवा गरिबी पाहून 'तू' निघत असेल, आणि माघारीही 'ती', 'तो'च असेल, तर ती सवय नव्हे, वागणुकीतला भेदभाव आहे. तिथे वर सांगितलेली मऊ विनंती पुरत नाही. तिथे सरळ आणि शांतपणे म्हणावं, "मलाही 'तुम्ही' म्हणा, जसं त्यांना म्हणता." तुलना नाव घेऊन करावी, म्हणजे बोलणं वय आणि मानाच्या वादात भरकटत नाही. तरीही बदललं नाही, तर तीच वही, वाक्यं आणि तारखांसह, वरिष्ठांकडे न्यावी.