जेईई मेन: सेमीकंडक्टरमध्ये आधी काय करावं?

प्रश्न: नागपूरला बारावीत आहे, स्टेट बोर्ड. जेईई मेनसाठी सेमीकंडक्टरचा अभ्यास कोणत्या क्रमाने करू? झेनर आणि गेट्स कच्चे आहेत.

उत्तर: झेनरपासून सुरुवात करा, त्याला दोन दिवस द्या. मग एक दिवस लॉजिक गेट्स, एक दिवस डायोड-रेक्टिफायर आणि शेवटी अर्ध्या दिवसात एलईडी, फोटोडायोड, सोलर सेल. तिथे बहुतेक आलेख आणि बायसच लक्षात ठेवायचे असतात. मी इथे बारावीला फिजिक्स शिकवते. झेनरमध्ये मुलं सूत्राला अडत नाहीत, झेनर चालू आहे का हे न तपासताच आकडे टाकतात. समजा सप्लाय १२ व्होल्ट, झेनर ५ व्होल्टचा, सिरीज रोध ३५० ओहम, लोड १००० ओहम. आधी झेनर काढून लोडवरचा व्होल्टेज काढा: १२ × १००० ÷ १३५० म्हणजे सुमारे ८.९. तो ५ पेक्षा जास्त, म्हणून झेनर ब्रेकडाउनमध्ये आहे. आता सिरीज रोधातून ७ ÷ ३५० = २० मिलिअँपिअर, लोडमधून ५, उरलेले १५ झेनरमधून. लोड २०० ओहम केला तर तोच व्होल्टेज ४.४ च्या आसपास येतो. झेनर बंद, त्यातून करंट जवळपास शून्य. ही दुसरी केस हातानं सोडवा, फसवणूक तिथेच असते. गेट्समध्ये प्रत्येक गेटच्या आउटपुटवर राशी लिहा, मग डी मॉर्गन लावा.

एक मात्र बघा: ट्रान्झिस्टर जेईई मेनच्या सध्याच्या अभ्यासक्रमात नाही, पण बोर्डाच्या पुस्तकात आहे. तो बोर्डाच्या वेळेला ठेवा.