साखरपुड्याचं जेवण बाधलं, आता आजचा दिवस कसा काढायचा?

प्रश्न: काल रात्री १० वाजता एका हॉलवर साखरपुड्याचं जेवण झालं. पहाटे ४ पासून मला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब होताहेत. ताप नाही, रक्त नाही. वय ३४. आईनेही तेच खाल्लं, तिलाही सकाळपासून चार-पाच वेळा झालंय. ती ६७ वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे. घरीच थांबलो तर चालेल का? काय प्यायचं?

उत्तर: तुम्ही आज घरी थांबा, चालेल. आईच्या बाबतीत मात्र आत्ताच, हे वाचून होताक्षणी, तिच्या डॉक्टरांना फोन करा. कारण पुढे येईलच.

मी सरकारी रुग्णालयात १६ वर्षं स्टाफ नर्स आहे. तरी हे लिहिताना वॉर्ड आठवत नाही, आमचंच घर आठवतं. भाचीच्या बारशाला दुपारी दीडला जेवण झालं. बासुंदीचं पातेलं सकाळपासून हॉलमध्येच होतं. मी जेवले, पण बासुंदी घेतली नाही आणि तशीच ड्युटीवर गेले. ५ च्या सुमारास नवरा आणि सासरे, दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. मी फोनवर सांगितलं, ओआरएस आणा आणि पीत राहा. एवढंच सांगितलं, ही माझी चूक.

साडेआठला घरी आले तर नवरा म्हणाला, "ते ओआरएस मला पचतच नाही. तीनदा घेतलं, तीनदा पडलं." बघितलं तर एक लिटरचं पाकीट, त्यातली अर्धी पूड एका पेल्यात, आणि तो पेला एका दमात! म्हणजे हवं त्याच्या अडीचपट खारट-गोड पाणी. इतकं दाट पाणी तहान भागवत नाही, उलट आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढवतं.

म्हणून पाकीट पाहून घ्या. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं, ते सगळंच्या सगळं एक लिटर पाण्यात टाकायचं. लहान, ४ ग्रॅमच्या आसपासचं मिळतं, ते २०० मिलीसाठी असतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पूड टाकल्यावर पुन्हा उकळू नका, आणि २४ तासांत उरलेलं ओतून द्या. दुकानात गोड चवीची तयार पेयंही ओआरएसच्या नावाखाली खपवली गेली आहेत, ती ह्या कामाची नाहीत. पाकीट मिळेपर्यंत घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरून निपटलेला. मिठाच्या बाबतीत अंदाजपंचे अजिबात नको.

आता पिण्याची पद्धत. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच नाही. मग वाटी-चमचा घ्यायचा आणि दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. लहान मुलासारखं वाटतं, नवऱ्यालाही लाज वाटली होती. पण दोन मिनिटांना एक चमचा म्हटलं तरी तासाला दीडशे मिली पोटात जातं, आणि मुख्य म्हणजे राहतं. पोट चिडलेलं असताना एकदम पेलाभर पाणी गेलं की ते ताणलं जातं आणि बाहेर फेकतं. तासभर चमचे टिकले की घोट, घोट टिकले की अर्धा पेला. त्यानंतर प्रत्येक पातळ जुलाबामागे एक पेला जास्तीचा. रात्री साडेदहापर्यंत नवऱ्याची वाटी संपली, मग दुसरी, आणि एकदाही उलटी नाही.

चहा, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस आज नको. शहाळ्याचं पाणी चालेल, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. उपाशी राहायचं कारण नाही. उलट्या थांबल्या आणि भूक लागली की मीठ घातलेली भाताची पेज, मऊ भात, केळं. दूध आणि तळकट एक-दोन दिवस राहू द्या. ऑफिसला कळवा आणि झोपा, फक्त बाथरूमजवळच्या खोलीत.

कपाटात उरलेली अँटिबायोटिक काढू नका. असल्या बाधेत बहुतेक वेळा तिची गरज नसते. जुलाब थांबवणारी गोळीही मनाने नको, आणि ताप किंवा रक्त असेल तर मुळीच नको. अंग दुखतंय म्हणून ब्रुफेनच्या जातीची गोळी घेऊ नका, शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला जड जाते. पॅरासिटामॉल चालतं.

आणि लघवी मोजा. खरंच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने वेळ लिहिते: उलटी 'उ', जुलाब 'जु', लघवी 'ल'. जुलाब किती झाले हे सगळे सांगतात, 'ल' शेवटची कधी झाली हे कुणालाच आठवत नाही.

सासऱ्यांचं त्यावरच कळलं. त्यांना जुलाब नवऱ्यापेक्षा कमी होते, म्हणून सगळ्यांचं लक्ष नवऱ्याकडे. पण ९ वाजता विचारलं तर जेवणाआधी, १ वाजता गेले होते, त्यानंतर लघवीच नाही. आठ तास. जीभ कोरडी खडखडीत, उठून उभे राहिले तर भिंत धरली, आणि मला दोनदा नणंदेच्या नावाने हाक मारली. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि सकाळची गोळी घेतलेली होती. एकीकडून जुलाब, दुसरीकडून गोळी. लगेच दाखल केलं, सलाइन लावलं, क्रिएटिनिन तपासलं, दुसऱ्या संध्याकाळी घरी आले.

आईबद्दल फोन त्यासाठीच. गोळीचं नाव वाचून दाखवा आणि पुढचा डोस द्यायचा का ते विचारा. मनाने बंदही करू नका आणि रेटूनही देऊ नका. "बीपी आहे, मिठाचं पाणी कसं देऊ?" असं पुष्कळजण विचारतात. जुलाबात मीठच वाहून जात असतं, त्यामुळे ओआरएस द्यायचंच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

सासऱ्यांसारखं काहीही दिसलं, तुम्हाला किंवा आईला, तर सकाळची वाट बघू नका. चमच्याने दिलेलंही टिकत नसेल, जुलाबात रक्त दिसलं, ताप १०२ च्या वर गेला, किंवा पोटातली कळ येऊन-जाऊन न राहता एकाच जागी सतत दुखू लागली, तरीही निघा. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, पापण्या मिटू लागणं, गिळता न येणं हे क्वचित होतं, पण झालं तर एक मिनिटही घरी नको. गाडी नसेल तर १०८ लावा. यातलं काहीही झालं नाही, पण जुलाब तिसऱ्या दिवसानंतरही चालूच असले, तर दाखवून या.

घरातल्यांसाठी स्वयंपाक दोन दिवस दुसऱ्या कुणी करू दे आणि साबणाने हात धुणं सोडू नका. हॉलवरून डबा भरून आणला असेल तर तो टाका. आमच्या शेजारणीने बासुंदी "चांगली उकळून घेते" म्हणून मागितली होती. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही तसंच राहतं. मी तिच्यासमोर पातेलं मोरीत उलटं केलं, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.